ॲडमिन राइट्स मागण्याआधी

चाकणजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी आयटी विभाग सांभाळत होतो, तेव्हाची ही गोष्ट. गुणवत्ता विभागातल्या एका अभियंता मॅडमचा दोन ओळींचा ईमेल आला. लॅपटॉपवर कंपायलर आणि डीबगर टाकायचा आहे, कृपया ॲडमिन राइट्स द्यावेत. मी अर्ध्या तासात नकार कळवला. नियमाला धरूनच होता तो, पण त्यांचं काम काय अडलंय हे मी विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

काम खरंच अडलं होतं. मोजमाप यंत्रातून रोज निघणाऱ्या आकड्यांवरून अहवाल बनवणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता. निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याने तो सी भाषेत लिहिला होता. यंत्राचं सॉफ्टवेअर बदललं आणि अहवालात आकड्याच्या जागी `inf` उमटायला लागलं. मूळ कोड हाताशी होता, पण तो दुरुस्त करून पुन्हा चालवायचं साधन नव्हतं. लिहिलेल्या कोडची चालवता येण्याजोगी `.exe` फाइल बनवतो तो कंपायलर. आणि चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवून आतले आकडे दाखवतो तो डीबगर.

दोन दिवसांनी मॅडम लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशीच आल्या. तेव्हा कळलं की अडचण ॲडमिन राइट्सची नव्हतीच. त्यांनी आधी एक इन्स्टॉलर चालवून पाहिला होता. त्याने ॲडमिनचा पासवर्ड मागितला. मग त्यांनी विनलिब्सची झिप फाइल आणली. तिच्यात जीसीसी हा कंपायलर आणि जीडीबी हा डीबगर दोन्ही असतात आणि ती नुसती उलगडली की झालं, इन्स्टॉल करावं लागत नाही. तरीही `gcc` चालवल्यावर पडद्यावर आलं:

```
This program is blocked by group policy. For more
information, contact your system administrator.
```

विंडोजच्या कुलूपबंद लॅपटॉपवर कुठली कडी लागली आहे हे असं लक्षणावरून ओळखता येतं. पासवर्ड मागितला, तर प्रश्न ॲडमिन राइट्सचा. वरचा संदेश आला, तर कोणते प्रोग्रॅम चालू द्यायचे याच्या यादीचा. आणि नुकतीच बनवलेली `.exe` काही क्षणांत गायबच झाली, तर ती अँटिव्हायरसने उचलली. तीन कड्या वेगळ्या, तिघींचा उपायही वेगळा.

आमच्याकडे ती यादी ॲपलॉकर सांभाळत होता. त्याचे मूळ नियम सोपे आहेत: साध्या वापरकर्त्याला `Program Files` आणि `Windows` या फोल्डरांतलं चालवता येतं, बाकी ठिकाणचं नाही. ॲडमिनला मात्र सगळं मोकळं. म्हणून ॲडमिन राइट्स दिले असते तर कंपायलर चालला असता, पण त्याबरोबर अँटिव्हायरस बंद करण्याची, नवे वापरकर्ते तयार करण्याची आणि चुकून आलेला कुठलाही व्हायरस पूर्ण अधिकारानिशी चालण्याची मुभाही मिळाली असती. एका खोलीसाठी अख्ख्या वाड्याच्या किल्ल्या देण्यासारखं झालं असतं ते.

मग कंपायलरला यादीत घातलं की भागेल? नाही, आणि खरी मेख इथेच आहे. यादीत एखादा प्रोग्रॅम घालायचे तीन मार्ग असतात: कंपनीच्या डिजिटल सहीवरून, फाइलच्या हॅशवरून, किंवा ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्यावरून. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. कंपायलर तर दर वेळी नवीच फाइल जन्माला घालतो. तिच्यावर कुणाची सही नसते, आणि कोडची एक ओळ बदलली की ठसाही बदलतो. म्हणजे कंपायलर चालतो, पण त्याने बनवलेला प्रोग्रॅम अडतो. उरतो तो फोल्डरचा मार्ग.

डीबगरबद्दल आमच्या विभागात जास्त धास्ती होती, आणि तिला कारण आहे. विंडोजमध्ये `SeDebugPrivilege` नावाचा एक अधिकार असतो. तो ज्याच्याकडे आहे त्याला दुसऱ्याच्या प्रोग्रॅमच्या स्मृतीतही डोकावता येतं. पासवर्ड चोरणारी मिमिकॅट्ससारखी साधनं पहिल्यांदा तोच अधिकार मिळवतात. पण आपणच सुरू केलेला आपला प्रोग्रॅम तपासायला तो लागत नाही. साध्या खात्यावर `whoami /priv` चालवलं तर यादीत तो दिसतही नाही, आणि तरी जीडीबी आपल्या प्रोग्रॅमवर व्यवस्थित काम करतो.

हे सगळं बोलून झाल्यावर मॅडमनी दुसरा अर्ज लिहिला. मूळ इंग्रजीत होता, मराठीत तो साधारण असा:

"विषय: `C:\mingw64` आणि `C:\Kaam\build` या दोन फोल्डरांसाठी ॲपलॉकरचा नियम.

अहवालाचा प्रोग्रॅम दुरुस्त करण्यासाठी मला जीसीसी आणि जीडीबी हवे आहेत. मला ॲडमिन राइट्स नकोत, `SeDebugPrivilege` ही नको. विनलिब्सची झिप आपण उतरवून घ्यावी, तिचा हॅश संकेतस्थळावरच्या हॅशशी ताडून पाहावा आणि ती `C:\mingw64` मध्ये उलगडावी. या फोल्डरमध्ये मला फक्त वाचण्याची व चालवण्याची परवानगी असावी. बनवलेले प्रोग्रॅम मी फक्त `C:\Kaam\build` मध्ये ठेवीन. दोन्ही नियम माझ्या एकट्या खात्यापुरते आणि तीन महिन्यांसाठी असावेत. जीसीसी मुक्त परवान्याचा असून कंपनीच्या कामासाठी वापरता येतो. अडवल्याची नोंद, इव्हेंट क्रमांक 8004, सोबत जोडली आहे."

मला यातली सर्वांत मोलाची वाटली ती फोल्डरांची फारकत. कंपायलरच्या फोल्डरमध्ये मॅडमना काही लिहिता येत नाही, म्हणून तिथे दुसरं काही घुसवता येत नाही. लिहिता येतं आणि चालवताही येतं, अशी जागा एकच उरते. धोका तिथे राहतोच: बाहेरून आलेली एखादी फाइल त्या फोल्डरमध्ये पडली तर तीही चालेल. म्हणून त्या फोल्डरमधून काय काय चालतं त्याची नोंद आम्ही आठवड्याला बघायचं ठरवलं. अँटिव्हायरसची सूट मात्र दिली नाही. ती त्यांनी मागितलीही नव्हती.

परवान्याची ओळ वरवर किरकोळ वाटते, पण अनेक अर्ज तिथेच अडकतात. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती फुकट मिळते, पण 250 पेक्षा जास्त संगणक असलेल्या कंपनीला ती रोजच्या कामासाठी वापरता येत नाही.

परवानगी दुसऱ्या दिवशी मिळाली. मॅडमनी कोड असा बनवला:

```
gcc -g -o C:\Kaam\build\ahwal.exe ahwal.c
gdb C:\Kaam\build\ahwal.exe
```

`-g` मुळे डीबगरला मूळ ओळी दिसतात. आकडे वाचून झाल्यावरच्या ओळीवर त्यांनी प्रोग्रॅम थांबवला आणि पहिलं माप छापलं. यंत्राच्या फाइलमध्ये 12,047 होतं, प्रोग्रॅमकडे 12. नव्या सॉफ्टवेअरने दशांशचिन्ह म्हणून टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरायला सुरुवात केली होती, जशी युरोपात पद्धत आहे. `atof` हे फंक्शन स्वल्पविरामापाशी थांबायचं. सगळी मापं 12 झाली, त्यांच्यातला फरक शून्य झाला, आणि त्या शून्याने भागल्यावर `inf`. वाचण्याआधी स्वल्पविरामाचा टिंब करणं, एवढीच दुरुस्ती.

तयार झालेला प्रोग्रॅम कारखान्यातल्या आणखी चार संगणकांवर लागणार होता. आता मात्र तो बदलणार नव्हता, त्यामुळे त्या चौघांसाठी फोल्डरचा नियम करायची गरजच पडली नाही. आम्ही त्या एका फाइलचा हॅश यादीत घातला. मॅडमचा बिल्डचा नियम मुदतीच्या सात आठवडे आधी, त्यांनीच कळवल्यावर, काढून टाकला.