हीव भरतं तेव्हा

रक्तातलं मिठाचं प्रमाण वाढलं की हायपोथॅलॅमस तहान कशी लावतो, ते मागच्या लेखांकात पाहिलं. अंगाची ऊब राखणाऱ्या पेशी त्याच तहानेच्या पेशींना लागून आहेत. भातलावणीच्या चिखलात राबलेल्याला लेप्टोचा ताप येतो, तेव्हा आधी हीव भरतं. दात वाजतात, हातपाय गार पडतात, गोधडी हवीशी वाटते, आणि त्याच वेळी थर्मामीटरचा पारा चढत असतो. जंतूंशी झगडताना अंग आपोआप तापतं, ही समजूत इथे अडते. तसं असतं तर माणसाला उकडायला हवं होतं. खरं तर ९८.६ फॅरनहाइटवर लावलेली खूण हायपोथॅलॅमसनेच १०२ वर नेलेली असते. जंतू आल्याची वर्दी प्रतिकारपेशी रक्तातून पाठवतात, ती मिळाल्यावर मेंदूच्या रक्तवाहिन्यांत प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि ते उष्णता बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेला आवर घालतं. नव्या खुणेच्या मानाने अंग थंडच ठरतं. म्हणून कातडीकडचं रक्त आत वळतं आणि स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही. खूण खाली येते, मग घाम फुटतो.

यावर कुणी म्हणेल, थरथर हा आजाराचाच बिघाड कशावरून नाही? मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात वाळवंटी सरड्यांना जंतू टोचून पाहिलं. सरड्याला अंगची ऊब निर्माण करता येत नाही, थरथरताही येत नाही. तरी ते सरडे उठून जास्त गरम जागी जाऊन बसले. १९७५ च्या प्रयोगात ज्यांना ऊब मिळाली, ते गारव्यात ठेवलेल्यांपेक्षा जास्त जगले. बिघाड अशी जागा निवडत नाही. अर्थात, यावरून माणसाचा ताप उतरवूच नये असं ठरत नाही. ताप उतरवणाऱ्या गोळीने लेप्टो बरा होत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवायचं. जंतूंची वर्दी हायपोथॅलॅमसमधली भूकही मारते. म्हणून तापात माशाच्या कढीचा वाससुद्धा नकोसा होतो. जेवणाची सक्ती नको, पण घामावाटे पाणी आणि मीठ जातं, तेव्हा मीठ घातलेली पेज मात्र पोटात जायला हवी.

मग मे महिन्यात मालवणच्या दमट उन्हात काम करताना कोसळलेल्याचा पारा १०५ वर गेला, तर? तिथे खूण ९८.६ वरच असते. हवेत ओल इतकी की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि उष्णता आत कोंडते. हीव भरलेलं नसतं. माणूस बरळतो किंवा शुद्ध हरपते. कातडी कोरडीच असेल असं धरून चालू नये, कष्टाचं काम करणाऱ्याच्या अंगावर घाम असू शकतो. प्रोस्टाग्लँडिनचा इथे संबंधच नसल्याने पॅरासिटामॉल निरुपयोगी, उलट यकृताला त्रासदायक. सावलीत नेऊन कपडे सैल करायचे, अंगावर भरपूर गार पाणी ओतून वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. हेच गार पाणी हीव भरलेल्याच्या अंगावर ओतलं, तर तो आणखी थरथरतो.