आरती अर्धा तास, रांग ११२ मीटर

मंडळाच्या फलकावर ‘रोज रात्री ८ वाजता आरती’ एवढंच लिहिलेलं असतं. शेजाऱ्यांच्या फाटकापुढे किती गर्दी होणार, हे याच ओळीवरून ठरतं.

समजा, मंडप मैदानात आहे आणि दर्शनाची रांग ९ मीटर रुंद गल्लीत लागते. साडेसातपर्यंत मिनिटाला ५ माणसं येतात, त्यानंतर दहापर्यंत १५. दर्शन दोन ओळींत होतं. प्रत्येकाला ६ सेकंद मिळाले, तर मिनिटाला २० जण पुढे सरकतात, म्हणजे एरवी रांग साचत नाही. पण आठला आरती सुरू झाली की दर्शन थांबतं. ३० मिनिटांत ४५० माणसं जमतात. दोघांच्या जोडीला अर्धा मीटर धरला, तर रांग साधारण ११२ मीटर होते. येणारे थांबत नाहीत, त्यामुळे ती मिनिटाला ५ माणसांनीच कमी होते आणि संपायला रात्रीचे १० वाजतात.

हीच आरती सात वाजता घेतली तर साचतात १५० माणसं. रांग ३७ मीटरवर थांबते आणि आठपर्यंत संपते. ६० मीटरवर एखाद्या सोसायटीचं फाटक असेल, तर ते आपोआप मोकळं राहतं. आठचीच वेळ हवी असेल, तर आरती १५ मिनिटांत आटपावी: रांग निम्मी, ५६ मीटर, आणि नऊला मोकळी. स्वयंसेवक वाढवून हा फरक पडत नाही, कारण अडथळा मूर्तीपुढे असतो.

पार्किंगचंही गणित करून पाहावं. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की ४ मीटर गेले, रांगेचे आणखी १.२. उरतात ३.८ मीटर. अग्निशमन गाडीच साधारण अडीच मीटर रुंद असते. तिच्या बाजूला दार उघडून जवानांनी पाइप ओढायचे, तर ही जागा तोकडी आहे. एक बाजू रिकामी ठेवली की ५.८ मीटर मिळतात. म्हणून रहिवाशांना ‘सहकार्य करा’ एवढंच सांगू नये. कोणती बाजू, किती ते किती वाजेपर्यंत, आणि त्या वेळात त्यांनी गाडी कुठे लावायची, हे चतुर्थीच्या आधी लेखी द्यावं. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद असतो. शासनाने ज्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट दिली असेल, ते दिवसही त्याच कागदावर असावेत.

वर्गणीचा हिशेब लावताना आधी पावत्या मोजाव्यात. ५० पावत्यांची १२ पुस्तकं दिली, म्हणजे ६०० पावत्या. फाडलेल्या ५१२, रद्द ९, कोऱ्या ७९ अशी बेरीज ६०० आली पाहिजे. एक पावती कमी भरली, तर ती कोणत्या पुस्तकातली हे क्रमांकावरून कळतं. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच असाव्यात. क्यूआरवर आलेली रक्कम थेट मंडळाच्या खात्यात जायला हवी, खजिनदाराच्या नाही. वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाकडून घेतलेल्या परवानगीचा क्रमांक मी तरी पावती घेण्याआधी पाहतो.