सुलेमानची काठी, वेतोबाच्या वहाणा

कुराणाच्या सबा नावाच्या चौतिसाव्या सुरेत प्रेषित सुलेमान यांच्या मृत्यूची गोष्ट आहे. अल्लाहने जिन्नांना सुलेमानच्या हुकमात दिलं होतं. ते त्याच्यासाठी मोठमोठ्या वास्तू उभारत, हौदाएवढी भांडी आणि जागचे हलणार नाहीत असे हंडे घडवत. सुलेमान काठीवर रेलून उभा असायचा आणि जिन्न त्याच्या धाकाने राबायचे. एके दिवशी उभ्या उभ्याच त्याचा मृत्यू झाला. जिन्नांना पत्ताच लागला नाही. राजा पाहतो आहे असं समजून ते कष्ट उपसत राहिले. भाष्यकारांपैकी काही जण म्हणतात की असं एक वर्ष चाललं. मग जमिनीतल्या एका किड्याने काठी पोखरली. हा किडा म्हणजे वाळवी असं मानतात. काठी मोडली, देह खाली आला, आणि तेव्हा कुठे जिन्नांना कळलं की आपण मेलेल्या माणसाच्या धाकाखाली राबत होतो.

या गोष्टीचं मर्म कुराण स्वतःच सांगतं. दृष्टीआड काय आहे हे जिन्नांना कळत असतं, तर ते त्या कष्टांत अडकून पडले नसते. हौद-हंडे घडवणाऱ्या ताकदवान जिन्नांना जे समजलं नाही, ते एका किड्यामुळे उघड झालं.

देवदूत, जिन्न, भुतं-खेतं यांच्याबद्दल मुलांशी बोलताना आपण बहुतेक वेळा त्यांची ताकद सांगतो. मूल घाबरतं किंवा हरखतं, आणि समजून घेणं तिथेच थांबतं. मला वाटतं, या सगळ्या अदृश्य मंडळींना समजून घेण्याचा खरा रस्ता उलटा आहे. याला काय येत नाही, हा कुठवर जाऊ शकतो, आणि कुणाला जाब देतो, हे विचारलं की प्रत्येक धर्माचं म्हणणं स्वच्छ दिसू लागतं.

इस्लाममध्ये हा फरक फार नेमका आहे. माणूस मातीचा, जिन्न धूर नसलेल्या आगीचे आणि हदीसनुसार फरिश्ते प्रकाशाचे. पण कशाचे बनले यापेक्षा निवड करता येते की नाही, हे महत्त्वाचं आहे. फरिश्ते अल्लाहची आज्ञा मोडत नाहीत. जिन्नांना मात्र माणसासारखीच निवड आहे. जिन्न नावाच्या बहात्तराव्या सुरेत जिन्नांचा एक गट कुराण ऐकतो आणि त्यावर श्रद्धा ठेवतो. आपल्यात काही नेक आहेत आणि काही नाहीत, असंही ते जिन्न सांगतात. म्हणजे जिन्न ही एक जमात आहे, तिच्यात सगळ्या तऱ्हेचे लोक आहेत. आदमपुढे झुकायला नकार देणारा इब्लीस जिन्नांपैकी होता, असं कुराणाच्या अठराव्या सुरेत म्हटलं आहे. त्याला नकार देता आला तो म्हणूनच, असं अनेक मुस्लिम भाष्यकार मानतात.

सात ते नऊ वर्षांच्या मुलांना काठीची गोष्ट सांगून झाली की साधे, गोष्टीला धरून असलेले प्रश्न विचारावेत. जिन्न कुणासाठी काम करत होते? त्यांनी काय काय घडवलं? सुलेमान गेला हे त्यांना लगेच का कळलं नाही? ते शेवटी कशामुळे कळलं? पाचवा प्रश्न थोडा पुढचा: जिन्नांना आधी कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? याचं उत्तर गोष्टीत थेट शब्दांत नाही, पण गोष्ट नीट ऐकलेलं मूल ते देऊ शकतं.

या वयाचं मूल हमखास विचारतं, "जिन्न खरंच असतात का?" त्याला झिडकारू नये आणि घाबरवूही नये. "मुसलमान लोक असं मानतात, कारण त्यांच्या पवित्र ग्रंथात तसं सांगितलंय. आपल्या घरी काय मानतात ते आईबाबांना विचार," एवढं पुरतं. आणि गोष्ट दिवसा सांगावी. अंधारात ऐकलेलं जिन्न पांघरुणात शिरतं.

आता फरिश्त्यांकडे. एकच देवदूत तीन धर्मांच्या ग्रंथांत येतो. ज्यू आणि ख्रिस्ती दोघेही मानतात त्या दानीएलाच्या पुस्तकात गब्रीएल दानीएलाला त्याच्या दृष्टान्ताचा अर्थ उलगडून सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात तो आधी जखऱ्या नावाच्या वृद्ध याजकाला मंदिरात भेटतो आणि नंतर नासरेथ गावात मरीयेला. इस्लाममध्ये तोच जिब्रील. मुस्लिम परंपरेनुसार इसवी सन 610 च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा गुहेत तो प्रेषित मुहंमद यांच्यापुढे प्रकटला आणि पुढे कुराणाच्या आयती पोचवत राहिला. प्रसंग वेगळे आहेत, त्यांतून निघालेले धर्मही वेगळे. पण तिन्ही ठिकाणी गब्रीएलला स्वतःचं असं काही सांगायचं नाही. तो निरोप्या आहे, आणि निरोप दुसऱ्याचा आहे. वसईच्या चर्चमध्ये 29 सप्टेंबरला मायकल आणि राफाएल यांच्यासोबत त्याचा सण होतो, तेव्हाही तिथली प्रार्थना शेवटी देवाकडेच वळते.

लूकमधल्या दोन भेटी दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी फार चांगला मजकूर आहेत. जखऱ्याला गब्रीएल सांगतो की तुला मुलगा होईल. जखऱ्या म्हणतो, मी म्हातारा, बायकोही उतारवयातली, हे खरं कशावरून मानू? त्याची वाचा जाते आणि मूल जन्मून त्याचं नाव ठेवेपर्यंत तो मुका राहतो. मरीयेलाही मूल होण्याचा निरोप येतो. तीही विचारते, माझं लग्न अजून झालेलं नाही, मग हे होणार कसं? तिला शिक्षा होत नाही, उत्तर मिळतं. आता मुलांना विचारा: दोघांनीही प्रश्नच विचारला, मग एकाला एक वागणूक आणि दुसरीला दुसरी का? दोघांचे प्रश्न शेजारी शेजारी लिहून काढा. जखऱ्या कशावरून म्हणतो आणि मरीया कसं म्हणते. एकाला खात्री हवी आहे, दुसरीला रीत समजून घ्यायची आहे. शतकानुशतकं अनेक ख्रिस्ती भाष्यकारांनी हाच फरक दाखवला आहे. बारा वर्षांचं मूल तो आपला आपण शोधतं तेव्हा त्याला होणारा आनंद पाहण्यासारखा असतो. मूल म्हणालं की "मला तरी हे जखऱ्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं," तर तेही उत्तर घ्यावं, फक्त गोष्टीतला आधार मागावा.

मूल मजकूर न वाचताच उत्तर देऊ शकलं, तर प्रश्न फसला असं समजावं. "देवदूत चांगले असतात का?" याला मूल डोळे मिटून "हो" म्हणेल. "देवदूत कुठे राहतात?" यात दुसरी खोट आहे. तिथे एका धर्माची श्रद्धा सगळ्यांची वस्तुस्थिती होऊन बसते, आणि वर्गातल्या वेगळ्या घरच्या मुलाला चूक ठरल्यासारखं वाटतं. "लूकच्या मते", "कुराणानुसार", "गावकऱ्यांच्या श्रद्धेप्रमाणे" असे दोन शब्द प्रश्नात घातले की ही खोट निघून जाते.

मोठ्या मुलांना ग्रंथांतून बाहेर, माणसांत न्यावं. दिल्लीतला फिरोजशाह कोटला हा तुघलक सुलतानाने 1354 मध्ये बांधलेला किल्ला. टोपराहून आणलेला सम्राट अशोकाचा स्तंभ तिथे उभा आहे. दर गुरुवारी लोक इथे जिन्नांना अर्ज द्यायला येतात. अर्ज अक्षरशः अर्जच. नाव, पत्ता, फोटो, गाऱ्हाणं, आणि त्याच्या झेरॉक्स प्रती वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवलेल्या. स्तंभात राहणाऱ्या जिन्नाला लाटवाले बाबा म्हणतात. येणाऱ्यांत मुसलमान आहेत तसे हिंदूही आहेत. आनंद विवेक तनेजा या मानववंशशास्त्रज्ञाने या जागेवर लिहिलेलं पुस्तक 2017 मध्ये आलं. सुलतानाच्या दरबारात फिर्याद मांडण्याची जुनी रीत त्यांना या अर्जांत दिसते. मला त्या पूर्ण पत्त्यात सुलेमानच्या काठीची आठवण दिसते: ज्याला दृष्टीआडचं कळत नाही, त्याला पत्ता लिहूनच द्यावा लागतो. इस्लामचे अनेक जाणकार मात्र ही प्रथा नाकारतात. मागणं फक्त अल्लाहकडे मागावं असं ते सांगतात, आणि मुलांना हेही सांगायला हवं.

वेंगुर्ले तालुक्यातलं आरवली हे जयवंत दळवींचं गाव. तिथल्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. तो रात्री गावभर फिरून राखण करतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. इथे अर्ज लिहीत नाहीत, तोंडाने गाऱ्हाणं घालतात, आणि जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. कोकणातल्या राखणदाराची सत्ता त्याच्या गावच्या शिवेपर्यंत असते. शिवेपलीकडे दुसऱ्याचा अंमल. पिंपळावरचा मुंजाही असाच जागेला बांधलेला, पण तो माणूस होता आणि अकाली गेला. एवढ्या एका गोष्टीने तो फरिश्त्यांपेक्षा आणि जिन्नांपेक्षा वेगळा ठरतो. ते दोघे कधी माणूस नव्हतेच.

तेरा ते पंधरा वयाच्या मुलांपुढे या दोन परिच्छेदांतली तीन वाक्यं ठेवा. कोटला 1354 मध्ये बांधला. स्तंभात लाटवाले बाबा राहतात. दृष्टीआडचं कळत नाही म्हणून पत्ता लिहून द्यावा लागतो. यातलं कोणतं वाक्य तपासता येतं, कोणतं श्रद्धेचं आहे, कोणतं लेखकाचं स्वतःचं मत आहे, आणि हे कशावरून ओळखलं? तिसऱ्या वाक्यावर मुलं अडखळतात, कारण ते ठामपणे सांगितलेलं असतं. त्यांनी मागे जाऊन "मला दिसते" हे शब्द शोधायला हवेत. मग पुढचे प्रश्न: लेखी अर्ज आणि तोंडी गाऱ्हाणं यांत काय सारखं आहे आणि काय निराळं? वेतोबाला वहाणा का लागतात आणि जिब्रीलला का लागत नाहीत?

याच वयाला कायद्याबद्दलही विचारता येतं. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत मानायला बंदी घातलेली नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने बांधणं किंवा मारहाण करणं हा गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हाही गुन्हा आहे. मग आरवलीला वहाणा वाहणारी बाई आणि अंगात आलंय म्हणून सुनेला साखळीने बांधणारं घर, यांतलं कायद्याच्या कक्षेत कोण येतं, आणि कायद्याने रेघ नेमकी कुठे ओढली आहे?