जुन्या पुस्तकाचा मान

आपल्याकडे रद्दीवाला पुस्तके तागडीत टाकतो, तेव्हा विकणाराच ओशाळतो. १९९० साली जपानमध्ये निघालेल्या ‘बुक ऑफ’ने ही अडचण पाटीवरच्या शब्दांनी सोडवली, असे मला वाटते. ‘आम्ही जुनी पुस्तके घेतो’ असे न म्हणता त्यांनी ‘आपली पुस्तके आम्हांला विकावीत’ अशी विनंती केली. चांगल्या प्रती साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांना घ्यायच्या, कडा यंत्रावर घासून स्वच्छ करायच्या आणि निम्म्या किमतीला विकायच्या. पारख मजकुराची नव्हे, स्वच्छतेची. म्हणून नवखा नोकरही दर सांगू शके आणि गिऱ्हाइकाला प्रत हातात घेताच पटे. दुर्मीळ पुस्तके मात्र यात स्वस्ताच्या फळीवर गेली. जाणकार दलाल ती हेरून दुसरीकडे चढ्या भावाने विकू लागले.