भोंग्यावरची तीस सेकंदं

यवतमाळच्या दत्त चौकाजवळचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. शटर अर्धं खाली, पंखा बंद, कारण आत रेकॉर्डिंग चाललंय. उद्यापासून ऑटोच्या भोंग्यावर वाजायची जाहिरात आहे. निवेदन करणाऱ्या ताई कागद धरून खणखणीत वाचतात, "कोणताही मोबाइल, अर्ध्या तासात दुरुस्त!"

"थांबा ताई," कारागीर मान वर न करता म्हणतो. त्यानं नवा डिस्प्ले आधी न चिकटवता नुसता जोडलाय. एक आयकॉन बोटानं धरून तो पूर्ण स्क्रीनभर फिरवतो. टच कुठं मेलेला असेल तर आयकॉन तिथंच सुटतो. सुटत नाही. मग कडेनं गोंदाची बारीक धार, वरून रबर बँड. "बदलाले अर्धा तास लागते, पन गोंद धराले अजून तासभर पाह्यजे. अन् पान्यात पडलेला फोन आला तं? तो उघडून धुवा, सुकवा, मंग बिमारी शोधा. उद्यावर जाते."

"बाकीचे तं पंधरा मिनिटं म्हनते!" मालक कुरकुरतात. तरी वाक्य बदलतं: 'डिस्प्ले दोन तासांत. भिजलेला फोन आधी तपासू, मग वेळ सांगू.'

पुढं 'सहा महिने वॉरंटी', आणि शेवटी घाईघाईत 'अटी लागू'. ताई हसतात. "भाऊ, चालत्या ऑटोवर हे नुसतं भुणभुण ऐकू येईल." मग अटच वाक्यात येते: 'बदललेल्या पार्टवर तीन महिने, पडला, भिजला तर नाही.' सहाचे तीन झाले, पण हे तीन महिने खरे आहेत.

खरी ओढाताण होते भावावर. कागदावर '९९९ रुपयांपासून' आहे. भोंग्यात 'पासून' विरतं आणि गिऱ्हाईक ९९९च घेऊन येतं. शिवाय एकाच मॉडेलला दोन भाव असतात. मूळ अमोलेड स्क्रीन महाग पडते, तिच्या जागी बसणारी एलसीडी कॉपी बरीच स्वस्त. कारागीर दोन्ही पेटवून दाखवतो. काळं चित्र अमोलेडवर विझल्यासारखं गडद दिसतं, कॉपीवर राखाडी. स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट असेल, तर अशा कॉपीवर तो सहसा चालतच नाही. स्वस्त कॉपी लावण्यात लबाडी नाही. न सांगता लावण्यात आहे. मालक आकडाच खोडतात आणि लिहितात: 'कॉपीचा भाव वेगळा, ओरिजिनलचा वेगळा. फोन उघडण्याआधी दोन्ही सांगू. जुना पार्ट परत.'

दुकानाचं नाव सुरुवातीला आणि शेवटीही घेतात, कारण ऑटो पुढं जातो आणि अर्धी जाहिरात एका गल्लीत, अर्धी दुसऱ्या गल्लीत ऐकू जाते. ताई पुन्हा वाचतात. तीस सेकंदांत बसतं.

भोंगा ऐकून कुठल्याही दुकानात जा, पण फोन हातातून सोडण्याआधी *#06# दाबा. दिसणारा आयएमईआय नंबर, डिस्प्ले कॉपी की ओरिजिनल, आणि वॉरंटीची तारीख, हे सगळं बिलावर लिहून घ्या.