टेपवरचा पिक्सेल चौरस नसतो

मिनीडीव्ही टेपवरच्या प्रत्येक चित्रात आडवे 720 आणि उभे 576 पिक्सेल असतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीचे हे माप. 720 ला 576 ने भागले तर 1.25 येतात. पण ज्या टीव्हीसाठी हे चित्र टिपले, त्याच्या पडद्याचे रुंदी-उंचीचे प्रमाण 4:3, म्हणजे साधारण 1.33 होते. हिशेब जुळत नाही, कारण टेपवरचा पिक्सेल मुळात चौरस नाही. तो उंचीपेक्षा किंचित रुंद आहे. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावरचा पिक्सेल मात्र चौरस असतो. टेपवरचा एक पिक्सेल पडद्यावरच्या एका पिक्सेलवर जसाच्या तसा ठेवला की चित्र दोन्ही बाजूंनी दाबले जाते. वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या चित्रीकरणात सगळे वऱ्हाड उंच आणि सडपातळ दिसू लागते, त्याचे कारण एवढेच.

हे माप ठरले 1982 मध्ये. टीव्हीचे चित्र डिजिटल करण्यासाठी सेकंदाला किती नमुने घ्यायचे, याचे आंतरराष्ट्रीय मानक तेव्हा मंजूर झाले, रेक. 601 या नावाने ते ओळखले जाते. जगात तेव्हा दोन पद्धती होत्या: युरोप-भारताकडची 625 रेषांची आणि अमेरिका-जपानची 525 रेषांची. दोन्हींना एकच यंत्रणा चालावी म्हणून सेकंदाला 1 कोटी 35 लाख नमुन्यांचा वेग निवडला गेला. या वेगात दोन्ही पद्धतींच्या एकेका रेषेत पूर्ण संख्येने नमुने बसतात. चौरस पिक्सेलसाठी पालला याहून अधिक आणि अमेरिकी पद्धतीला याहून कमी वेग लागला असता. तडजोडीत कोणाचाच पिक्सेल चौरस राहिला नाही. काचेच्या नळीच्या टीव्हीला त्याने काही फरक पडत नव्हता; त्याच्या पडद्यावर चौरस पिक्सेलची जाळी नव्हतीच. पुढे 1995 च्या सुमारास घरगुती डीव्ही कॅमेरे आले, त्यांनीही तेच 720 चे माप उचलले.

या मानकात आणखी एक बारकावा आहे. पालच्या एका रेषेतला खऱ्या चित्राचा भाग या वेगाने मोजला तर साधारण 702 नमुन्यांत संपतो. उरलेली जागा दोन्ही कडांना सैल सोडलेली असते. जुन्या टेपच्या डाव्या-उजव्या कडेला दिसणारी काळी पट्टी बहुधा तीच. व्यवहारात सोयीसाठी 704 हा आकडा धरतात आणि पिक्सेलची रुंदी उंचीच्या 12/11 पट मानतात. 704 गुणिले 12/11 म्हणजे नेमके 768, आणि 768×576 हे नेमके 4:3.

टेपवरून संगणकात उतरवलेल्या फाइलमध्ये पिक्सेलचे हे प्रमाण नोंदलेले असते. चांगले प्लेअर ते वाचतात आणि चित्र बरोबर दाखवतात. घोटाळा होतो तो चित्र मोठे करताना. बरीच सॉफ्टवेअर चित्रफितीचे सुटे फोटो करून काम करतात आणि त्यात ही नोंद गळून पडते. मग 720×576 चे दुप्पट 1440×1152 होते. माणसे बारीकच राहतात, फक्त मोठी होतात. दुसरी चूक याच्या नेमकी उलट: नव्या टीव्हीचा पडदा पूर्ण भरावा म्हणून चित्र सरळ 1920×1080 मध्ये ताणले जाते आणि नवरा-नवरी गोलमटोल होतात. काळ्या पट्ट्या नकोत हा ग्राहकाचा आग्रह आणि तो निमूटपणे पुरवणारे दुकान, दोघेही याला सारखेच जबाबदार.

चित्र बिघडले आहे की नाही, हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. माणूस आधीच बारीक असू शकतो; घड्याळ मात्र गोलच असते. टेपमध्ये कॅमेऱ्यासमोर सरळ आलेले भिंतीवरचे घड्याळ शोधावे, शक्यतो चित्राच्या मध्याजवळचे. तो क्षण थांबवून फोटो घ्यावा आणि घड्याळाची रुंदी-उंची पिक्सेलमध्ये मोजावी. उंची 100 असताना रुंदी 92 च्या आसपास आली, तर पिक्सेल चौरस समजले गेले आहेत. रुंदी 130 च्या घरात असेल तर चित्र 16:9 मध्ये ताणलेले आहे. 69 आली तर टेपच मुळात रुंद पडद्यासाठीची आहे. काही कॅमेऱ्यांत 16:9 चे बटण असे, आणि ते चालू केले की रुंद चित्र त्याच 720 पिक्सेलमध्ये दाबून बसवले जाई.

फाइलमधली नोंद पाहण्यासाठी एफएफएमपेग या मोफत संचातली ही आज्ञा पुरते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=width,height,sample_aspect_ratio,display_aspect_ratio lagna.dv
```

4:3 च्या पाल टेपसाठी उत्तरात `16:15` आणि `4:3` दिसतात. 16:15 हे प्रमाण पूर्ण 720 ची रुंदी 4:3 मध्ये बसवून काढलेले आहे. 12/11 पेक्षा ते सव्वादोन टक्क्यांनी कमी भरते. हा फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही. शिवाय काही कॅमेरे चित्र पार कडेपर्यंत भरत, त्यामुळे यावर वाद घालण्यापेक्षा घड्याळ मोजलेले बरे.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. टेपवरचे प्रत्येक चित्र एकाआड एक रेषांच्या, वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या दोन अर्ध्या चित्रांचे बनलेले असते. आधी ती सुटी करून पूर्ण करावी लागतात. तसे न करता उंची वाढवली तर हलत्या हातांच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात आणि ते नंतर काढता येत नाहीत. त्यानंतर दोन्ही कडांचे आठ-आठ पिक्सेल कापायचे आणि मग आकार बदलायचा:

```
ffmpeg -i lagna.dv -vf "bwdif,crop=704:576,scale=1440:1080:flags=lanczos,setsar=1" -c:v libx264 -crf 16 -c:a aac lagna_1080.mp4
```

1440×1080 हेही 4:3 च. शेवटचे `setsar=1` आता पिक्सेल चौरस असल्याची नोंद करते. ते विसरले तर जुनी नोंद उरण्याचा आणि प्लेअरने चित्र पुन्हा ताणण्याचा धोका राहतो. टीव्हीवर दोन्ही बाजूंना 240 पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्याव्यात. टेप 16:9 ची असेल तर 1440 च्या जागी 1920 लिहावे. चित्र मोठे करण्याचे काम दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे द्यायचे असल्यास याच आज्ञेत `scale=768:576` लिहून तयार झालेली फाइल त्याला द्यावी.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेल्या टेपचे गणित उलटे असते. तिथले चित्र 720×480, पिक्सेल उंचीपेक्षा अरुंद, रुंदी उंचीच्या 10/11 पट. त्यामुळे दुरुस्ती न केलेली माणसे जाड दिसतात.

दुकानातून आधीच 1920×1080 मध्ये ताणलेली फाइल मिळाली असेल आणि टेप हाताशी नसेल, तरी नुसती नोंद बदलून काम भागते. चित्राला हातही लागत नाही, त्यामुळे दर्जा घटत नाही:

```
ffmpeg -i taanleli.mp4 -c copy -aspect 4:3 sudharit.mp4
```

पडदा भरण्यासाठी चित्राचा वरचा-खालचा भाग कापला असेल, तर मात्र तो या उपायाने परत येत नाही. म्हणून टेपवरून उतरवलेली मूळ डीव्ही फाइल, तासाला सुमारे 13 जीबी जागा खात असली तरी, दुकानदाराकडून मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.