फुलाच्या चित्राला उत्तर काय द्यायचं?

भारतीयांचे फोन भरून जायला सकाळच्या शुभेच्छांची चित्रं बरीचशी जबाबदार आहेत, असं गूगलच्या अभियंत्यांना आढळल्याची बातमी २०१८ साली आली आणि सगळे हसले. पण ते चित्र पाठवणारं माणूस घरात एकटं असेल, तर त्याला चित्र पाठवायचं नसतंच. ‘मी उठले, तू आहेस ना?’ एवढंच विचारायचं असतं.

साताऱ्यात एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. पुण्यातल्या भाच्याच्या फोनवर रोज सहाला त्यांचा गुलाब उमलतो. भाचा हात जोडलेली खूण पाठवून मोकळा होतो. यात उद्धटपणा काहीच नाही, पण बोलणं तिथेच संपतं. उलट गुलाब पाठवला, तर उद्यापासून दोन येतात.

‘बरी आहेस ना?’ हा प्रश्नही फारसा कामाचा नाही. त्याचं उत्तर एक तर ‘हो’ असतं, नाहीतर गुडघ्यांपासून सुरू होणारी यादी. त्यापेक्षा ‘मावशी, आज भाजी काय आणलीस?’ किंवा ‘कुंडीतला मोगरा फुलला का?’ असं ठोस काही विचारावं. अंगात आलेलं काम त्यांच्याकडून मागावं, हे तर सगळ्यात उत्तम: ‘आमटी पातळ झालीय, काय करू?’ शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला असा प्रश्न आला की चार ओळींचं उत्तर येतं. टाइप करायला डोळे, बोटं साथ देत नसतील, तर अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवावा. तो पुन्हा ऐकताही येतो.

मात्र पहिल्या आठवड्यात भरभरून लिहायचं आणि मग महिनाभर गप्प, हे सर्वांत वाईट. आपलं काय चुकलं, याचा विचार त्या करत बसतात. झेपेल तेवढंच सांगावं: ‘सकाळी घाईत असतो, रविवारी दहाला फोन करतो.’ मग रविवारी दहाला फोन जायलाच हवा. रोजच्या चित्राला मग छोटं उत्तरही चालतं.

चित्राऐवजी एखाद्या दिवशी मधुमेहावरचा रामबाण काढा आला, तर सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर चूक काढू नये. खासगीत, ‘यासाठी चालू गोळ्या बंद करू नकोस हं, डॉक्टरांना विचारू’ एवढं सांगावं.

आणि गुलाब आलाच नाही तर? कदाचित रिचार्ज संपला असेल, कदाचित त्या पडल्या असतील. नऊपर्यंत वाट पाहून फोन करावा, उचलला नाही तर शेजाऱ्यांना. त्यासाठी शेजाऱ्यांचा नंबर आधीच घेऊन ठेवलेला हवा.

बोलण्यात सतत ‘आता जगून काय करायचं’ असा सूर येऊ लागला, तर मात्र निरोपांवर भागवू नये. भेटायला जावं, डॉक्टरांना दाखवावं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी मोफत हेल्पलाइनही आहे. तिथे नातेवाईकही फोन करू शकतात.